जुने पेपर पाठ करून बारावीचं फिजिक्स सुटतं का?

ग्रुपवर असा एक मेसेज फिरतोय: "बारावी सायन्सवाल्यांनो, फिजिक्सचं टेन्शन सोडा. नागपूर बोर्डाचे मागच्या दहा वर्षांचे पेपर घ्या आणि उत्तरं पाठ करा, 80 टक्के प्रश्न तेच फिरून येतात. यंदा आलेला प्रश्न पुढच्या वर्षी येत नाही, तो सोडा. दोन वर्षं न आलेला पक्का येतो. जास्त मार्कांचे बारा धडे करा, चार ऑप्शनला टाका. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

दहा वर्षं आणि 'नागपूर बोर्ड'

फिजिक्सचा पेपर राज्यभर एकच असतो. नागपूर विभागीय मंडळ परीक्षा घेतं, पण त्याचा वेगळा पेपर नसतो. त्यामुळे नागपुरात बर्डीवर घेतलेला जुन्या पेपरांचा संच आणि पुण्यात घेतलेला संच यांत प्रश्न तेच असणार.

दहा वर्षांची अडचण याहून मोठी आहे. बारावीचं सध्याचं पुस्तक 2020-21 या वर्षापासून लागू झालं. त्याची पहिली परीक्षा 2021 साली होती, ती कोविडमुळे रद्द झाली. 2022 ची परीक्षा झाली, पण 25 टक्के अभ्यासक्रम कमी करून. पूर्ण अभ्यासक्रमाचे पेपर 2023 पासूनचे. 2020 आणि त्याआधीचे पेपर जुन्या पुस्तकाचे आहेत. त्या पुस्तकात गुरुत्वाकर्षण आणि स्थितिस्थापकता बारावीला होती, आता ती अकरावीला आहे. उलट थर्मोडायनॅमिक्सचा जो स्वतंत्र धडा आज बारावीला आहे, तो तिथे तसा नव्हता.

संच हातात आला की आधी एवढं बघा: उपग्रहाच्या क्रिटिकल व्हेलॉसिटीचा किंवा तार ताणून यंग्ज मॉड्युलस काढायचा प्रश्न दिसला, तर तो पेपर मोजणीतून बाजूला. सरावाला हवं तर त्यातले चालणारे प्रश्न सोडवा, पण कोणता प्रश्न किती वेळा आला हे मोजताना तो धरू नका. 2022 चा पेपरही मोजणीत नको. त्यात एखादी गोष्ट विचारली नसेल, तर ती कदाचित अभ्यासक्रमातच नव्हती. मग उरतात 2023 पासूनचे, दर वर्षी दोन: फेब्रुवारी-मार्चचा आणि पुरवणी परीक्षेचा. पुरवणीचा पेपर बहुतेक मुलं बघतही नाहीत, पण मोजणीत तो मुख्य परीक्षेच्या पेपराइतकाच धरायचा.

'तेच' म्हणजे नेमकं काय फिरून येतं

इथे सगळ्यात मोठा घोळ आहे, म्हणून जरा थांबू. वेव्ह ऑप्टिक्समधला यंगचा दोन फटींचा प्रयोग घ्या. पुढचे आकडे समजावण्यापुरते सोपे निवडले आहेत: प्रकाशाची तरंगलांबी 6000 Å, फटींमधलं अंतर 1 mm, पडदा 1 m दूर.

पहिला प्रश्न साधा. फ्रिंजची रुंदी काढा. β = λD/d, म्हणजे 0.6 mm. पाठ करणारा इथपर्यंत येतो आणि हा प्रश्न झाला असं समजतो.

आता हेच आकडे ठेवून विचारलं, की मधल्या ब्राइट फ्रिंजपासून चौथी डार्क किती दूर? सूत्र तेच लागतं, पण तपासली जाते ती मोजणी. पहिली डार्क मध्यापासून अर्ध्या β वर असते, म्हणून चौथी साडेतीन β वर, म्हणजे 2.1 mm. इथे हमखास येणारं चुकीचं उत्तर 2.7 mm. ते आलं की समजायचं, मुलानं (n + 1/2) मध्ये n = 4 घातला. ते सूत्र चुकीचं नाही, पण त्यात पहिल्या डार्कला n = 0 असतो. (2n − 1)/2 वापरलं तर पहिलीला n = 1. दोन पुस्तकांतून दोन सूत्रं पाठ केली की ही गफलत होते, आणि सूत्र बरोबर लिहिलेलं असल्यामुळे चूक कुठे झाली ते मुलाला सापडत नाही.

तिसरं रूप: दुसरी ब्राइट आणि चौथी डार्क यांतलं अंतर. दोन्ही एकाच बाजूला असतील तर 3.5 मधून 2 वजा करून दीड β, म्हणजे 0.9 mm. विरुद्ध बाजूंना असतील तर बेरीज, साडेपाच β, 3.3 mm. अख्खा प्रश्न 'विरुद्ध' या एका शब्दावर फिरतो.

चौथं रूप: सगळं उपकरण पाण्यात बुडवलं, अपवर्तनांक 4/3. तरंगलांबी तेवढ्या पटीनं कमी होते, फ्रिंज 0.45 mm. इथे भूमिती बदलत नाही, प्रकाश बदलतो.

पाचवं रूप: 6000 Å आणि 4800 Å असे दोन प्रकाश एकदम सोडले, तर मध्याबाहेर ब्राइट फ्रिंज पहिल्यांदा कुठे एकावर एक येतील? 6000 ची चौथी आणि 4800 ची पाचवी, दोन्ही 2.4 mm वर. इथे β पाठ असून भागत नाही. n गुणिले 6000 बरोबर (n + 1) गुणिले 4800 हे समीकरण स्वतः मांडावं लागतं.

पाठांतराच्या हिशेबात हे पाच वेगळे प्रश्न आहेत, आणि सहावा आला तर तो 'सिलॅबसच्या बाहेरचा'. नुसती धड्याची नावं लिहिणाऱ्याच्या हिशेबात हे सगळं एकच: 'वेव्ह ऑप्टिक्स'. दोन्ही हिशेब बिनकामाचे. पहिला फार बारीक आहे, दुसरा फार ढोबळ. खरं तर इथे चार गोष्टी तपासल्या गेल्या: β चं सूत्र, ब्राइट-डार्कची मोजणी, माध्यम बदलल्यावर λ, आणि दोन तरंगलांबींचं जुळणं. दुसरा आणि तिसरा प्रश्न एकाच खात्यात जातात.

तक्ता असा भरा

मोठा चौकटींचा कागद घ्या. उभे रकाने पेपरांचे, आडव्या ओळी संकल्पनांच्या. ओळीला धड्याचं नाव न देता 'डार्क फ्रिंजची मोजणी' असं नेमकं नाव द्या. दोन प्रश्न एकाच ओळीत टाकायचे की नाही, याची कसोटी सोपी आहे. उत्तराची निर्णायक पायरी, म्हणजे जिथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं ती, दोन्हींत तीच असेल तर ओळ एक, नाहीतर दोन. त्यासाठी प्रश्न आधी सोडवावा लागतो. वाचून तक्ता भरला की 'फटी' हा शब्द दिसला म्हणून सगळं एका ओळीत जातं. चौकटीत नुसती टिक करू नका, गुण लिहा: 1, 2, 3 किंवा 4. एखादी ओळ कायम 1 गुणालाच येत असेल, तर तिच्यासाठी तीन पानी सिद्धता घोटण्यात अर्थ नाही.

एका पेपरात 47 प्रश्न छापलेले असतात. तीन वर्षांचे सहा पेपर धरले तर 282. नीट वाटणी केली तर साधारण 90 ते 100 ओळी व्हाव्यात. तीसच झाल्या तर ओळी ढोबळ आहेत. दोनशे झाल्या तर तुम्ही प्रश्नांची भाषा मोजताय.

आलेला येत नाही, न आलेला पक्का येतो

सोयीसाठी वर्षाच्या जागी पेपर धरा. हा नियम खरा असेल तर पेपर क्रमानं लावलेल्या तक्त्यात एका ओळीच्या शेजारच्या दोन चौकटी कधीच भरलेल्या दिसणार नाहीत. तपासून बघा. सहा पेपरांत तीनदा आलेली ओळ घ्या. त्या तीन नोंदी डोळे मिटून टाकल्या तरी सरासरी एक जोडी शेजारी-शेजारी पडते. अशा 24 ओळी असतील तर 24 च्या आसपास जोड्या निघणं हा निव्वळ योगायोगाचा हिशेब. तुमच्या तक्त्यात दोन-चारच निघाल्या, तरच पेपर काढणारे मागच्या वेळचं टाळतात असं म्हणता येईल.

'पक्का येतो' याचंही तसंच. एखादी संकल्पना प्रत्येक पेपरात येण्याची शक्यता निम्मी धरा. लागोपाठ दोन पेपरांत ती न येण्याची शक्यता एक चतुर्थांश. म्हणजे तसल्या 80 ओळींपैकी 20 ओळी कुणी काहीही न ठरवता रिकाम्या दिसतील, आणि पुढच्या पेपरात त्यांतल्या निम्म्या येतील. त्या दहांचे फोटो ग्रुपवर 'बघा, सांगितलं होतं' म्हणून फिरतात. उरलेल्या दहांचं नाव कुणी काढत नाही.

चार धडे ऑप्शनला

पेपर 70 गुणांचा, पण छापलेले प्रश्न 98 गुणांचे. अ विभागात 18 गुण, तिथे पर्याय नाही. ब मध्ये 2 गुणांचे 12 पैकी 8, क मध्ये 3 गुणांचे 12 पैकी 8, ड मध्ये 4 गुणांचे 5 पैकी 3. धडे 16, म्हणजे धड्यामागे सरासरी छापलेले 6 गुण.

चार धडे सोडले की 24-25 गुणांचे प्रश्न गेले. 98 मधून वजा केले तर 73 उरतात, म्हणून हिशेब बसतो असं वाटतं. पण सोडलेले प्रश्न विभागांत सोयीनं वाटून येत नाहीत. अ विभागात धड्यामागे साधारण एक प्रश्न धरला तरी चार-साडेचार गुण तिथेच गेले. ड मध्ये पाचच प्रश्न. त्यांतले तीन सोडलेल्या धड्यांतून आले, तर करता येण्यासारखे दोनच उरतात. आणि ब, क मध्ये चार-चार जास्तीचे प्रश्न अवघड प्रश्न टाळण्यासाठी असतात, ते न वाचलेल्या धड्यांवर आधीच खर्च झालेले असतात. धडा सोडण्यापेक्षा त्यातल्या 1 आणि 2 गुणांच्या ओळी करून बाकी सोडणं परवडतं, आणि त्या ओळी कोणत्या, हे तक्त्यातल्या आकड्यांवरून दिसतं.

आणि ते 80 टक्के

हा आकडा घरी तपासता येतो. सगळ्यात अलीकडचा पेपर न उघडता बाजूला ठेवा. बाकीच्यांचा तक्ता भरा. मग तो पेपर तीन तासांत सोडवा आणि प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करा: शब्दशः तोच प्रश्न तक्त्यातल्या पेपरांत होता, ओळ होती पण रूप नवं, किंवा ओळच नव्हती. पाठांतराचा फायदा फक्त पहिल्या खुणेपुरता. दुसऱ्या खुणेचे जे प्रश्न चुकले, तिथे ओळ समजली नव्हती, फक्त एक रूप माहीत होतं. त्या ओळीची उरलेली रूपं स्वतः आकडे बदलून तयार करा, वर फटींचं केलं तसं. तिसऱ्या खुणेचे प्रश्न कोणत्या धड्यातले आहेत ते बघून तो धडा पुस्तकातून वाचा, कारण तिथे जुने पेपर कितीही चाळले तरी काही हाती लागणार नाही.