थॉमसनचा मणी सोनाकासारखा दिसला तेव्हा

तासगाव तालुक्यातल्या एका गावात सोसायटीच्या हॉलमध्ये ऑक्टोबर छाटणीच्या आधीची बैठक होती. ऐंशीएक बागायतदार आले होते. मी द्राक्षबागांना सल्ला देते, त्या दिवशी देठ परीक्षण आणि मण्यांची फुगवण यावर बोलायचं होतं. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला, थॉमसन जातीच्या द्राक्षघडाचा फोटो पडद्यावर आला आणि दुसऱ्या रांगेतले आबा लगेच म्हणाले, "ताई, ही सोनाका हाय न्हवं?"

आबांचं काही चुकलं नव्हतं. पडद्यावर जे दिसत होतं ते लांब मण्याच्या सोनाका जातीचंच वाटत होतं. फोटोतला मणी १८ मिमी रुंद आणि २२ मिमी लांब होता. पडद्यावर त्याची लांबी तेवढीच राहिली, पण रुंदी पाऊणपट झाली, म्हणजे साधारण साडेतेरा. थॉमसनचा लांबटगोल मणी उभट, निमुळता दिसायला लागला. ज्या माणसाची सगळी हयात मणी बघण्यात गेली त्याला तो सोनाका वाटणारच. मणी किती फुगला हे सांगायला आलेल्या बाईच्या फोटोत मण्याचा आकारच खोटा असेल, तर पुढच्या तासाभरात ती जे बोलेल त्याला काय किंमत?

तेव्हापासून हा विषय मी मनावर घेतला आहे. आपल्याकडच्या सोसायट्या, शाळा, मंगल कार्यालयं इथं अजून चौकोनी चित्राचे जुने प्रोजेक्टर आहेत आणि ते चालू आहेत तोवर कुणी बदलणार नाही, बदलूही नये. स्लाइड मात्र सगळ्यांच्या लांबट असतात, कारण पॉवरपॉइंट २०१३ पासून नवी फाइल उघडली की ती १६:९ चीच मिळते. दोघांची गाठ पडली की घोटाळा होतो. पण त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकत्र करतात.

पहिला प्रश्न चित्र चेपण्याचा. मण्याचं झालं ते हेच. हॉलमधला प्रोजेक्टर मूळ `1024 × 768` चा, म्हणजे ४:३. लॅपटॉपचा पडदा `1366 × 768`. मी `Duplicate` वर जोडलं होतं, म्हणून लॅपटॉपने स्वतःचंच लांबट चित्र तिकडे पाठवलं. प्रोजेक्टरच्या मेनूत चित्राचं प्रमाण `Full` वर होतं, त्यामुळे त्याने ते चित्र दोन्ही बाजूंनी दाबून आपल्या चौकटीत पूर्ण बसवलं. वर-खाली काळी पट्टी नाही, पडदा भरलेला, म्हणून कुणाला काही चुकलंय असं वाटतच नाही. नुसती अक्षरं असती तर मलाही कळलं नसतं, थोडी उभट वाटली असती इतकंच.

तिथल्या तिथे केलं ते असं. `Win + P` दाबून `Extend` निवडलं. मग विंडोजच्या `Display` सेटिंगमध्ये दुसरा पडदा निवडून त्याचं रिझोल्यूशन `1024 × 768` केलं. प्रोजेक्टरच्या रिमोटवरचं `Aspect` बटण `Auto` येईपर्यंत दाबलं. (काही प्रोजेक्टरांवर तेच `Normal` किंवा `4:3` नावाने असतं.) आता लॅपटॉप प्रोजेक्टरच्याच मापाचं चित्र पाठवतो, त्याला ताणायला किंवा दाबायला काही उरत नाही. स्लाइड मधे नीट बसते, वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, मणी परत थॉमसनचा होतो. आबांना दाखवला. "आता बरोबर," एवढंच म्हणाले.

ओळखायला एक सोपी खूण मी ठेवली आहे. प्रत्येक फाइलची पहिली स्लाइड म्हणजे कोऱ्या पानावर एक मोठं वर्तुळ. `Shift` दाबून काढलं की ते अचूक गोल येतं. लोक जमेपर्यंत ती स्लाइड लावायची आणि पडद्यापाशी जाऊन टेपने रुंदी-उंची मोजायची. गोल आहे आणि पट्ट्या आहेत, तर चित्र खरं आहे. पट्ट्या नाहीत आणि वर्तुळाचं उभं अंडं झालंय, तर चित्र चेपलंय, आणि ते दुरुस्त करायची जागा प्रोजेक्टर किंवा विंडोज आहे, पॉवरपॉइंट नव्हे. वर्तुळ खाली रुंद आणि वर अरुंद दिसलं तर मात्र प्रोजेक्टर तिरपा बसलाय, तो वेगळा भाग.

दुसरा प्रश्न त्या काळ्या पट्ट्यांचा. माझं खरं म्हणणं इथं आहे.

पट्ट्या दिसल्या की माणसं अस्वस्थ होतात. सचिवांचा मुलगा कॉम्प्युटरमधला हुशार, तो लगेच म्हणाला, "ताई, `Design` मध्ये जाऊन `Slide Size` चार-तीन करून टाका की. पट्ट्या जातील, अक्षर मोठं होईल." हा सल्ला मी वीस ठिकाणी ऐकला असेल. त्यातलं पट्ट्या जातात हे खरं आहे, अक्षर मोठं होतं हे नाही.

`Standard (4:3)` निवडलं की पॉवरपॉइंट विचारतो, `Maximize` की `Ensure Fit`? `Maximize` म्हटलं तर मजकूर आहे त्या मापाचा राहतो आणि स्लाइड अरुंद होते. १३.३३ इंचाची स्लाइड १० इंचाची झाली, तेव्हा दोन्ही कडांना दीड इंचाहून जास्त भाग बाहेर जातो. माझ्या तक्त्यातले पहिला आणि शेवटचा रकाना तसेच गेले असते. म्हणून सगळे `Ensure Fit` दाबतात. तो सगळं पाऊणपट बारीक करून आत बसवतो.

त्या मुलाला मी हिशोब करून दाखवला, कारण तो ऐकणारा होता. आपला पडदा ६ फूट रुंद, साडेचार फूट उंच. लांबट स्लाइड तशीच लावली तर चित्र ६ फूट रुंद आणि ४०.५ इंच उंच पडतं, वर आणि खाली पावणेसात-पावणेसात इंचांची काळी पट्टी. तक्त्यातलं अक्षर १८ पॉइंटचं, स्लाइडची उंची ५४० पॉइंट. म्हणजे पडद्यावर ते अक्षर १.३५ इंचांच्या मापात बसतं. आता `Ensure Fit` करू. अक्षर १८ चं साडेतेरा पॉइंट होतं, चित्र ५४ इंच उंच होतं. पुन्हा गणित केलं की येतात तेच १.३५ इंच. एक दोरासुद्धा फरक नाही. काळ्या पट्टीच्या जागी पांढरी मोकळी जागा आली, एवढंच मिळालं. त्याने स्वतः दोन्ही करून टेप लावून बघितलं आणि पटलं.

उलट नुकसान होतं. टेम्प्लेटच्या मास्टर स्लाइडवर टाकलेलं बोधचिन्ह किंवा पार्श्वभूमीचं चित्र या बदलात बऱ्याचदा चेपतं. म्हणजे पहिला प्रश्न जो प्रोजेक्टरवर होता तो आता फाइलमध्ये कायमचा शिरतो, आणि पुढे कितीही चांगला प्रोजेक्टर मिळाला तरी निघत नाही. ऐन वेळी, माणसं बसलेली असताना, हे करू नका असं मी हात जोडून सांगते. वर्तुळ गोल दिसत असेल तर पट्ट्या राहू द्या. त्या काळ्या आहेत, खोट्या नाहीत.

भिंत मोकळी असेल तर एक उपाय तिथल्या तिथे आहे. पडदा गुंडाळायचा आणि प्रोजेक्टर मागे सरकवून थेट चुन्याच्या भिंतीवर चित्र पाडायचं. अंतर सव्वापटीपेक्षा थोडं जास्त, म्हणजे १.३३ पट केलं की चित्र ८ फूट रुंद होतं आणि अक्षर तेवढंच मोठं होतं, १.८ इंच. पण तोच उजेड पावणेदोन पट जागेवर पसरतो, त्यामुळे दुपारी पडदे नसलेल्या हॉलमध्ये हे जमत नाही. आम्ही खिडक्या लावल्या होत्या, तरी फोटो फिके पडले. तक्ते वाचता आले.

अक्षर खरोखर मोठं करायचं तर स्लाइड नव्याने मांडावी लागते. हे घरी, आदल्या दिवशी करायचं काम. मी फाइलची प्रत काढते, तिच्यात `Ensure Fit` करते आणि मग ती वर-खाली आलेली मोकळी जागा वापरते. जिथे फोटो डावीकडे आणि मजकूर उजवीकडे होता, तिथे फोटो वर, मजकूर खाली. सात रकान्यांचा देठ परीक्षणाचा तक्ता होता, त्यातले नत्र, पालाश आणि मॅग्नेशियमचे रकाने एका स्लाइडवर ठेवले आणि उरलेले दुसऱ्या. मग साडेतेराचं अक्षर चोवीसला नेता आलं. पडद्यावर ते २.४ इंच होतं. १.३५ च्या ठिकाणी २.४. मागच्या रांगेतल्या माणसाला हा फरक कळतो, कारण आपल्या लिपीत वेलांटी, रफार, उकार सगळं त्याच मापात बसवायचं असतं. बावीस स्लाइडपैकी नऊच अशा बदलाव्या लागल्या, बाकीच्यांवर एकेक फोटो होता. फोटो चेपलेला वाटला तर तो निवडून `Reset Picture & Size` केलं की मूळ प्रमाण परत येतं, मग कोपऱ्याला धरूनच लहान-मोठा करायचा.

यातून माझं मत असं झालंय, आणि शहरातले मित्र त्यावर हसतात तरी मी ते सोडणार नाही. ज्याला गावोगावच्या अनोळखी हॉलमध्ये बोलायचं आहे त्याने फाइल पहिल्यापासून ४:३ मध्येच करावी. कारण दोन्ही बाजू सारख्या नाहीत. लांबट स्लाइड चौकोनी प्रोजेक्टरवर गेली की सगळं पाऊणपट होतं. चौकोनी स्लाइड लांबट पडद्यावर गेली की डाव्या-उजव्या बाजूला काळी जागा सुटते, पण उंची पूर्ण मिळते. `1920 × 1080` च्या पडद्यावर ती 1440 × 1080 एवढी बसते आणि अक्षर तिथल्या लांबट स्लाइडवरच्या त्याच पॉइंटच्या अक्षराएवढंच दिसतं. वाया जाते ती कडेची रिकामी जागा.

याला एक मर्यादा आहे. वर्षभराच्या पावसाचा आलेख किंवा छाटणीपासून काढणीपर्यंतचं वेळापत्रक यांना रुंदी लागते, ती चौकोनात कोंबली की वाचता येत नाहीत. ती मी स्लाइडवर टाकणं सोडलं. कागदावर छापून हातात देते.

आता हॉलचा फोन आला की तारीख ठरवतानाच मी तीन गोष्टी विचारते. प्रोजेक्टरच्या पाठीमागे निळा पिना असलेला जोड आहे की एचडीएमआय, रिमोट सापडतो का, आणि समोर पडदा आहे की भिंत. रिमोट बहुतेक ठिकाणी हरवलेला असतो. तेव्हा प्रोजेक्टरच्या डोक्यावरच्या `Menu` बटणातून चित्राचं प्रमाण शोधावं लागतं, त्याला दहा मिनिटं लागतात, म्हणून मी बैठकीच्या अर्धा तास आधी पोचते.