ड्रॅगन फ्रूटने "अशुद्ध रक्त" बाहेर पडत नाही, आणि टेस्ट टाळू नका

*"घाबरू नका, पुढे पाठवा 🙏 लाल ड्रॅगन फ्रूट खाल्ल्यावर लघवी आणि संडास लाल होते, तो फळाचा रंग नसून शरीरात साचलेलं अशुद्ध रक्त बाहेर पडतं. जितका लाल रंग तितकं शरीर साफ. पांढऱ्या गराच्या फळात हा गुण नाही. २१ दिवस रोज खा, हिमोग्लोबिन वाढेल. लाल दिसलं तरी थांबू नका, डॉक्टरकडे गेलात तर उगाच टेस्टचा खर्च."*

हा मेसेज माझ्या आत्याला आला, तिने वाचला, तिला पटला आणि तिने तो अंमलात आणला. ती हृदयाच्या ठोक्यांसाठी रक्त पातळ करायची गोळी घेते. सकाळी फोनवर सहज बोलता बोलता म्हणाली, "अगं लघवी अगदी गुलाबी-लाल होतेय, पण मेसेजमध्ये लिहिलंय तसंच आहे, निघतंय तर निघू दे." मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रोज लघवीचे नमुने बघते, त्यामुळे हे ऐकून माझा चहा तसाच राहिला. ज्या माणसाने हे लिहिलं त्याला रक्त पातळ करायची गोळी म्हणजे काय हे माहीत नसावं, किंवा माहीत असून पर्वा नसावी.

म्हणून शेवटच्या ओळीपासून सुरू करते, कारण बाकी सगळं नुसतं चुकीचं आहे आणि ही ओळ घातक आहे.

लघवी लाल दिसली की कारणं दोन गटात पडतात, खरं रक्त किंवा रक्तासारखा दिसणारा दुसरा रंग. डोळ्यांनी हे दोन्ही वेगळे करता येत नाहीत, मलाही येत नाहीत. लिटरभर लघवीत एक मिलिलिटर रक्त मिसळलं तरी रंग दिसायला लागतो, त्यामुळे किती लाल आहे यावरून काहीच ठरत नाही. आणि खऱ्या रक्ताची कारणं म्हणजे इन्फेक्शन, मुतखडा, प्रोस्टेट, आणि मूत्राशयाचा कॅन्सर. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये सुरुवातीला बहुतेक वेळा काहीच दुखत नाही, नुसती लघवी लाल होते, मग दोन-चार दिवस साफ होते, मग परत होते. बिडी-सिगरेट ओढणाऱ्या साठीच्या माणसाला हे होत असेल आणि त्याच आठवड्यात त्याने ड्रॅगन फ्रूट खाल्लं असेल, तर हा मेसेज त्याला काय सांगतो? थांबू नका. आणि मधेच लघवी साफ झाली की तो म्हणणार, बघा, साफ झालं शरीर.

रक्त पातळ करायच्या गोळीवाल्यांचं तर अजून वेगळं. बऱ्याच जणांना वाटतं की गोळी चालू आहे म्हणजे थोडं रक्त जाणारच. तसं नाही. गोळी चालू असली तरी लघवीत रक्त दिसलं तर तपासणी तितकीच पूर्ण करायची असते, कारण अनेकदा गोळीमुळे आत लपलेली एखादी जखम किंवा गाठ लवकर उघडी पडते. (आणि हो, स्वतःच्या मनाने गोळी बंद पण करायची नाही, तो दुसरा घोळ.)

आता "उगाच टेस्टचा खर्च". युरिन रुटीनला बहुतेक ठिकाणी शे-दोनशे रुपये लागतात, म्हणजे ज्या फळासाठी हे सगळं चाललंय त्याच्या किलोभराच्या आसपासच. आत्याला मी तेव्हाच सांगितलं की नमुना आत्ताच, रंग आहे तोवर दे, डबी स्वच्छ पाहिजे. नमुन्यात काय बघतात ते सांगते, त्यात गूढ काही नाही. आधी पट्टी बुडवतात. पट्टीवरचा रक्ताचा चौकोन हीमला, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या लोहवाल्या भागाला प्रतिसाद देतो, फळाच्या रंगाला देत नाही. मग नमुना मशीनमध्ये गरगर फिरवतात म्हणजे जड असेल ते तळाशी बसतं. रक्तपेशी असतील तर तळाचा गाळ लाल आणि वरचं पाणी पिवळसर होतं. फळाचा रंग असेल तर तो पाण्यात विरघळलेला असल्याने वरचं पाणीच गुलाबी राहतं आणि तळाशी लाल काही बसत नाही. मग तळाचा थेंब मायक्रोस्कोपखाली, एका फील्डमध्ये तीन किंवा जास्त लाल पेशी दिसल्या तर ते रक्त मानून पुढे तपास करायचा. वरचं पाणी लाल आणि पट्टीही पॉझिटिव्ह असेल तर तिसरीच गोष्ट, पेशी फुटून बाहेर आलेलं हिमोग्लोबिन किंवा स्नायूतून सुटलेला मायोग्लोबिन, आणि ते गंभीर असतं.

पट्टी एकटी पुरत नाही हेही सांगून ठेवते. व्हिटॅमिन सी च्या गोळ्या भरपूर घेणाऱ्यांची पट्टी रक्त असूनही निगेटिव्ह येऊ शकते, आणि रंग फार गडद असेल तर चौकोनाचा रंग नीट वाचता येत नाही. म्हणून मायक्रोस्कोप पाहिजेच, घरी पट्टी आणून "निगेटिव्ह आली, सुटलो" असं नको.

आत्याच्या नमुन्यात वरचं पाणी गुलाबी, पट्टी निगेटिव्ह, पेशी एखाद-दुसरी. तिने आदल्या रात्री लाल गराचं एक अख्खं मोठं फळ खाल्लं होतं. फळ बंद केलं, दुसऱ्या दिवशी परत नमुना दिला, रंग गेलेला. म्हणजे तिच्या बाबतीत फळच होतं. पण ते नमुना बघितल्यावर कळलं, मेसेज वाचून नाही.

इथे मेसेजवाल्याला अर्ध सत्य नाइलाजाने द्यावं लागतं. लाल ड्रॅगन फ्रूटने लघवी आणि संडास खरंच लाल होऊ शकतात, आणि तो रंग स्वतः काहीही करत नाही. त्याचं नाव बीटासायनिन, बीटमधला तोच, आणि बीटचा हा रंग आइस्क्रीम-योगर्टमध्ये अधिकृत खाद्यरंग म्हणून वापरतात. लाल माठाची भाजी शिजवली की जे लाल पाणी सुटतं त्यातही तोच, फड्या निवडुंगाच्या बोंडातही तोच, आणि ड्रॅगन फ्रूट हेही निवडुंगाचंच फळ. यातला फार थोडा भाग, बीटवरच्या मोजमापात साधारण शंभरातला एखादा किंवा त्याहूनही कमी, आतड्यातून रक्तात जातो आणि मूत्रपिंड तो गाळून बाहेर टाकतं. किडनी बिघडली म्हणून नाही, किडनी चालू आहे म्हणून.

सगळ्यांनाच का होत नाही? आत्याच्या यजमानांनी तेवढंच फळ खाल्लं आणि त्यांना काहीच झालं नाही, यावरून घरात वादही झाला. पोटातल्या आम्लाने हा रंग बराचसा मोडतो, मोठ्या आतड्यातले जीवाणू उरलेला मोडतात, आणि कोणाचं किती मोडतं हे माणसागणिक आणि दिवसागणिक बदलतं. याचा एक जुना भक्कम अभ्यास म्हणजे वॉटसन, ल्यूक आणि इनॉल यांचा, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९६३ साली आलेला. तो बीटवरचा आहे, ड्रॅगन फ्रूटवरचा नाही, पण रंग तोच. बीटबद्दल आज सगळीकडे दिला जाणारा आकडा असा की निरोगी माणसांत १० ते १४ टक्क्यांना लाल लघवी होते, आणि लोहाची कमतरता असलेल्यांत हे प्रमाण बरंच जास्त.

आता हे वाक्य मेसेजमधल्या हिमोग्लोबिनच्या ओळीशेजारी ठेवून बघा. जी बाई अ‍ॅनिमिक आहे तिचीच लघवी लाल होण्याची शक्यता जास्त, आणि मेसेज तिलाच सांगतोय की लाल झालं म्हणजे तुझं रक्त वाढायला लागलं! प्रत्येक वेळी लाल लघवी होत असेल, जरा चाललं की धाप लागत असेल, पाळीत जास्त जात असेल, तर सीबीसी आणि शरीरातला लोहाचा साठा सांगणारी फेरिटिन टेस्ट करून घ्या. ड्रॅगन फ्रूटमध्ये लोह नाममात्र आहे, २१ दिवसांनी त्यातून काही होणार नाही, मधल्या काळात गोळ्या सुरू करायचा वेळ मात्र जाईल.

"अशुद्ध रक्त" साचतं कुठे हे कोणी सांगत नाही. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, मग प्लीहा आणि यकृत तिला मोडतात, लोह परत वापरायला ठेवतात आणि उरलेल्याचं पित्तातलं बिलिरुबिन होतं. लघवीचा पिवळा आणि संडासचा तपकिरी रंग त्यापासूनच येतो. म्हणजे जुनं रक्त रोज बाहेर जातंच, लाल न दिसता. लाल दिसलं तर एकतर फळ आहे किंवा गळती.

पांढऱ्या गराचं म्हणाल तर साधं आहे, तो रंग त्याच्या सालीत असतो आणि गरात नसतो, म्हणून लघवी लाल होत नाही. गुणबिण काही नाही. उलट पांढरं खाऊन लाल लघवी झाली असेल तर फळाला दोष देऊ नका, सरळ डॉक्टरकडे जा. गुजरातने २०२१ मध्ये याला कमलम नाव दिलं, आपल्याकडे सांगली-सोलापूरला दुष्काळी पट्ट्यात शेतकऱ्यांनी बागा केल्या, फळ चांगलं आहे, खा. औषध करू नका इतकंच.

राहिलं संडासचं. फळाचा रंग सगळ्या मळात सारखा मिसळलेला, गुलाबी-जांभळट दिसतो आणि त्यात काळ्या बारीक बिया ओळखू येतात, भांड्यातल्या पाण्यालाही रंग सुटतो. मूळव्याधीचं रक्त मळावर ओघळ्यासारखं, कागदाला लागलेलं किंवा थेंबथेंब पडलेलं दिसतं. पण मळात मिसळलेलं रक्तही असतं, म्हणून नुसत्या दिसण्यावर जाऊ नका, शंका असली तर मळातल्या रक्ताची तपासणी करा. माणसाचं रक्त ओळखणारी एफआयटी टेस्ट असते, तिला फळाच्या रंगाने काही फरक पडत नाही. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची संडास मात्र ड्रॅगन फ्रूटने होत नाही, ते पोटाच्या वरच्या भागातलं रक्त असू शकतं. लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते पण तशी चिकट नाही.

वेळेचा हिशोब ठेवा. लघवीचा रंग खाल्ल्यावर काही तासांत येतो आणि साधारण दिवसभरात, फार तर दोन दिवसांत जातो. संडासला दोन-तीन दिवस लागू शकतात, बद्धकोष्ठ असेल तर थोडे जास्त. फळ बंद करूनही दोन दिवसांनंतर लघवी लाल असेल तर फळाचं नाव घेणं सोडा. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तंबाखू-बिडी असेल, वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर दोन दिवस वाट बघण्याऐवजी त्याच दिवशी नमुना द्या आणि लॅबला सांगा की काल रात्री लाल ड्रॅगन फ्रूट खाल्लं होतं. लघवीत गुठळ्या असतील किंवा लघवी अडली असेल तर लॅबमध्ये पण नाही, थेट कॅज्युअल्टीत.