पहिल्या तीन संख्यांवर नियम ठरत नाही

«अंकमालिका १० सेकंदांत! पहिल्या तीन संख्यांतला फरक बघा, तोच नियम. फरक जमला नाही तर मालिका दुहेरी. गुणोत्तर काढू नका, वेळ जातो. तरी सुटली नाही तर प्रश्नच चुकीचा.»

हे माझ्या भाचीने कच्च्या वहीत चौकट करून लिहून ठेवलं होतं. पोलीस भरतीची तयारी करतेय ती. याच्या जोरावर सोडवलेली मालिका: २, ३, ४, ६, ६, ९, ८, ? सुरुवातीला एकेकाने वाढतेय, म्हणून उत्तर ९. वर म्हणते, "मामा, पर्यायांत ९ होतं!" असणारच. फसवे पर्याय मुद्दामच घालतात.

सगळे फरक मांडले तर येतात १, १, २, ०, ३, −१. पहिल्या नजरेला गोंधळच. पण एकाआड एक वाचा: १, २, ३ आणि १, ०, −१. म्हणजे फरकांच्याच दोन ओळी एकमेकींत गुंफल्यात. पुढचा फरक ४, उत्तर १२. मूळ मालिकेतही तेच दिसतं: २, ४, ६, ८ आणि ३, ६, ९, १२. खूण सोपी होती. मध्येच ६ दोनदा आला आणि ९ नंतर ८ वर घसरण झाली. शिवाय दुहेरी मालिकेत पहिल्या तीन संख्यांपैकी एका धाग्याच्या दोन आणि दुसऱ्याची एकच असते. एका संख्येवरून कसला नियम काढणार? प्रत्येक धाग्याच्या निदान तीन, म्हणजे एकूण सहा तरी हव्यात.

साधी, एकेरी मालिकाही दगा देते. वर्तुळावर बिंदू घेऊन सगळे एकमेकांना जोडले, तर वर्तुळाचे जास्तीत जास्त किती भाग पडतात? १, २, ४, ८, १६. पुढे ३२ म्हणाल, पण सहा बिंदूंना ३१ च पडतात. कागदावर काढून मोजा, किंवा ओईआयएस या मालिकांच्या ऑनलाइन कोशात A000127 शोधा. तीनच काय, इथे पाच संख्यांनी फसवलं.

फरक जमला नाही तर दुहेरी, हे अर्धं खरं आहे, मान्य. संख्या वरखाली होत असतील तर आधी तेच तपासावं. पण ३, ४, १०, ३३, १३६ बघा. फरक १, ६, २३, १०३, काहीच लागत नाही, आणि एकाआड एक घेऊनही हाती काही येत नाही. इथे गुणोत्तरच लागतं, तेही मोठ्या टोकाकडून, कारण लहान संख्यांत वरची बेरीज गुणोत्तर बिघडवते. १३६ म्हणजे ३३ ची चौपट आणि वर ४. ३३ म्हणजे १० ची तिप्पट आणि वर ३. १० म्हणजे ४ ची दुप्पट आणि वर २. पुढची संख्या १३६ ची पाचपट आणि वर ५, म्हणजे ६८५. यात कुठला वेळ गेला?

प्रश्न चुकीचा असतोही कधीकधी. पण भाचीने त्या शेऱ्याखाली सोडून दिलेल्या चार मालिकांपैकी तीन रात्री जेवणाआधी सुटल्या. चौथीत छपाईची चूक होती.