ओव्हरड्राफ्टचे व्याज महिनाअखेरच्या बाकीवर ठरत नाही

«ओव्हरड्राफ्टचे व्याज म्हणजे महिनाअखेरची बाकी गुणिले दर भागिले बारा. त्याहून जास्त कापले असेल तर बँक लुटते आहे. ३० तारखेच्या आत पैसे भरा, १ तारखेला काढा, व्याज जवळपास शून्य. न वापरलेल्या मर्यादेवरही व्याज लावतात आणि दंडव्याजावर पुन्हा व्याज. सगळ्या व्यापारी ग्रुपवर पाठवा.»

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ माझ्या धाकट्या भावाचा हळद पूड करण्याचा छोटा व्यवसाय आहे. हा मजकूर वाचून त्याने २९ जूनला ओळखीच्या व्यापाऱ्याकडून महिना दोन टक्क्यांनी २,४०,००० रुपये घेऊन खात्यात भरले, १ जुलैला काढून परत केले आणि पंधरवड्याचे व्याज म्हणून त्या व्यापाऱ्याला २,४०० रुपये दिले. एवढे करूनही बँकेने जूनचे २,४६६ रुपये व्याज कापलेच, तेव्हा तो संतापून स्टेटमेंट घेऊन माझ्याकडे आला. हिशेबच चुकीचा शिकवणाऱ्या या मजकुराचा मला राग येतो, तो यासाठी.

ओव्हरड्राफ्टमध्ये रोज दिवसअखेरीस जी नावे बाकी राहते, तिच्यावर त्या दिवसाचे व्याज धरले जाते आणि महिन्याची बेरीज एकदम खात्यावर टाकली जाते. त्यामुळे महिनाअखेरच्या एका आकड्यावरून काहीच कळत नाही. बाकी महिनाभर हललीच नसेल, तरच तो हिशेब जवळपास जुळतो.

भावाच्या खात्याचा दर १०.९५ टक्के आहे, म्हणजे एक लाखावर दिवसाला ३० रुपये. १ ते ४ जून बाकी २,००,००० होती. ५ तारखेला हळकुंडाचे पैसे दिल्यावर ती ३,५०,००० झाली आणि १७ पर्यंत तशीच राहिली. १८ तारखेला एक लाखाचा धनादेश जमा होऊन ती २,५०,००० झाली, आणि २९ व ३० तारखेला उसन्या पैशांमुळे १०,००० राहिली. दिवस अनुक्रमे ४, १३, ११ आणि २. प्रत्येक बाकीला तिच्या दिवसांनी गुणून बेरीज केली की ८१,२०,००० येतात. एक्सेलमध्ये बी स्तंभात बाकी आणि सी स्तंभात दिवस लिहून हे सूत्र घालावे:

```
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)*10.95/36500
```

उत्तर २,४३६ रुपये येते. मजकुरातल्या सूत्राने तेच ९१ रुपये २५ पैसे येतात आणि भाऊ तेवढेच धरून बसला होता. आता उसनवारीचा लाभ पाहा: २,४०,००० रुपये दोन दिवस खात्यात राहिले, म्हणून व्याज वाचले १४४ रुपये. त्यासाठी त्याने २,४०० रुपये मोजले.

हा तक्ता करताना बहुतेक जण दोन ठिकाणी चुकतात. ज्या तारखेला नोंद नाही तो दिवस, मग तो रविवार का असेना, आदल्या बाकीनेच मोजायचा असतो. आणि एका तारखेला पाच नोंदी असतील तर फक्त शेवटच्या ओळीतली बाकी घ्यायची असते. खाते जमा बाजूला गेले असेल तर तो दिवस शून्य धरावा, वजा नव्हे.

न वापरलेल्या मर्यादेवर व्याज लागत नाही. काही मंजुरीपत्रांत तिच्यावर वेगळे वचनबद्धता शुल्क असते. ते असल्यास स्टेटमेंटवर त्याची नोंद व्याजापासून वेगळी शोधावी.

दंडाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, हे मान्य करावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दंड हा व्याजदरात भर घालून वसूल करता येत नाही. तो वेगळे दंडात्मक शुल्क म्हणूनच लावावा लागतो आणि त्या शुल्कावर पुढे व्याज आकारता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे आणि जुन्या कर्जांनाही त्याच वर्षीच्या ३० जूनपर्यंत लागू करायचे होते. पण त्याच परिपत्रकात नेहमीच्या व्याजाच्या चक्रवाढीला हात लावलेला नाही, त्यामुळे जूनचे कापलेले व्याज जुलैच्या बाकीत धरले जाणे नियमाला धरूनच आहे.

राहिला २,४३६ आणि २,४६६ मधला फरक. ३० रुपये म्हणजे बरोबर एक लाखाचे एका दिवसाचे व्याज, म्हणून मी थेट धनादेशाची ओळ पाहिली. नोंदीची तारीख १८ होती, पण शेजारच्या ‘Value Date’ या रकान्यात १९ होते. व्याज या दुसऱ्या तारखेप्रमाणे धरले जाते आणि धनादेश १९ ला वटला असल्याचे शाखेने दाखवले, त्यामुळे बँकेचा आकडा बरोबर निघाला. तीच रक्कम १८ ला एनईएफटीने येऊन रकान्यात १९ पडले असते, तर ते ३० रुपये लेखी अर्ज देऊन परत मागायला मी स्वतः भावाबरोबर गेलो असतो.