माइक उघडला की गाण्याचा आवाज का पडतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या लेखाचं म्हणणं थोडक्यात असं होतं: लॅपटॉपला जोडलेल्या ब्लूटूथ हेडफोनचा माइक उघडला की आवाजाचा दर्जा पडतो तो हेडफोन वाईट म्हणून नाही, तर प्रोफाइल बदलतं म्हणून. प्रोफाइल म्हणजे एखाद्या कामासाठी दोन ब्लूटूथ यंत्रांनी पाळायचे ठरलेले नियम. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया.

प्रतिक्रिया: "तुमचा लेख म्हणजे हेडफोन कंपन्यांची वकिली आहे. फोनवर हाच हेडफोन एलडॅकने ९९० केबीपीएसवर गाणी वाजवतो आणि माइकला लागतात फक्त ६४. मग जागा कमी पडते कशी? माझ्या जुन्या डोंगलवाल्या गेमिंग हेडसेटला असला त्रास कधी झाला नाही, आणि तोही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो. लॅपटॉपवर गेम खेळताना मी माइक म्यूट ठेवतो, तरी आवाज डबड्यातून आल्यासारखाच. प्रोफाइलबिफाइल सगळी सबब आहे, माल हलका आहे एवढंच."

उत्तर:

तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, आणि जागेची अडचण नाही हेही बरोबर. नेहमीच्या ब्लूटूथ जोडणीतून चांगल्या परिस्थितीत साधारण दोन एमबीपीएस माहिती जाते. गाणी नेऊनही माइकपुरती जागा त्यात सहज उरते. अडचण अशी की गाणी ज्या प्रोफाइलने येतात, त्या ए२डीपीमध्ये उलट दिशेने आवाज पाठवायची सोयच नाही. त्यात एक बाजू पाठवणारी आणि दुसरी ऐकणारी, हे सुरुवातीलाच ठरतं. हेडफोनचं बटण दाबून गाणं थांबवता येतं, पण तो निरोप वेगळ्या प्रोफाइलने जातो आणि त्यात आवाज नसतो.

त्यामुळे एखाद्या अ‍ॅपने माइक मागितला की लॅपटॉपपुढे हँड्स-फ्री प्रोफाइल, म्हणजे एचएफपी, हाच प्रमाणित मार्ग उरतो. ते प्रोफाइल मुळात गाडीत फोनवर बोलता यावं म्हणून घडवलं गेलं आणि त्याची सगळी रचना संभाषणाच्या सोयीची आहे. ए२डीपीत माहितीचं हरवलेलं पाकीट पुन्हा मागवता येतं, म्हणून हेडफोन थोडा साठा पुढे ठेवून वाजवतो आणि आवाज शे-दोनशे मिलिसेकंद उशिरा कानात पडतो. गाणं ऐकताना ते कळतही नाही. दोन माणसं बोलताना मात्र तेवढ्या उशिरानेही एकमेकांचं बोलणं तोडलं जातं. म्हणून एचएफपी साठा करत बसत नाही. ठरावीक अंतराने येणारे वेळेचे तुकडे ते दोन्ही दिशांसाठी राखून ठेवतं. पाकीट हरवलं तर पुन्हा पाठवायला अगदी थोडा वेळ असतो. तेवढ्यात आलं नाही तर ते सोडून पुढे जायचं. या राखीव वाटेचा वेग दोन्ही दिशांना सारखाच असतो: ६४ केबीपीएस.

तुम्ही ज्या ६४ ला 'फक्त' म्हणालात, ते हेच. पण ते एकट्या माइकचे नाहीत, तुमच्या कानात येणाऱ्या आवाजालाही त्या वाटेवर तेवढेच मिळतात. त्यात काय मावतं ते बघा. आजचे बहुतेक हेडफोन एचएफपीत एमएसबीसी हा कोडेक, म्हणजे आवाज दाबून बांधायची पद्धत, वापरतात. तो ७.५ मिलिसेकंदांचा आवाज एका फ्रेममध्ये बांधतो. आवाजाचे नमुने सेकंदाला १६,००० घेतलेले असतात, म्हणजे एका फ्रेममध्ये १२० नमुने. ते दाबून ५७ बाइट होतात, त्यावर २ बाइटचं शीर्ष आणि १ बाइटची भर मिळून ६०. साठ बाइट म्हणजे ४८० बिट, आणि दर ७.५ मिलिसेकंदांना ४८० बिट म्हणजे सेकंदाला बरोबर ६४,०००. वाट काठोकाठ भरली. दुसऱ्या कानासाठी वेगळा आवाज पाठवायला आता एक बिटही शिल्लक नाही, म्हणून स्टिरिओ जाऊन मोनो येतो. शिवाय १६,००० नमुन्यांत ८,००० हर्ट्झच्या वरचं काही टिकत नाही. झांजेची किणकिण, 'स' आणि 'श' यांची धार, गेममधल्या पावलांची बारीक चाहूल यांतलं बरंच तिथेच संपतं. तुलनेला, ए२डीपीतला अगदी साधा एसबीसी कोडेकसुद्धा ४४,१०० नमुने, दोन चॅनेल आणि चांगल्या सेटिंगवर ३२८ केबीपीएस नेतो.

आणि हे झालं बऱ्या स्थितीचं वर्णन. एमएसबीसी आलं २०११ च्या एचएफपी १.६ मध्ये. दोन्हीपैकी एका बाजूला ते येत नसेल तर गाडी जुन्या सीव्हीएसडीवर येते. तिथे नमुने ८,०००, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वर काही नाही. तुमचं 'डबडं' अगदीच जुन्या टेलिफोनसारखं ऐकू येत असेल तर मला शंका सीव्हीएसडीची.

डोंगलवाल्या हेडसेटचं उदाहरण तुमच्यापेक्षा माझ्या बाजूने जास्त बोलतं. तो २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, पण बहुतेकदा ब्लूटूथवर नाही. डोंगल आणि हेडसेट एकाच कंपनीचे असल्यामुळे दोन्ही टोकांचे नियम तीच लिहिते, आणि तिकडून स्टिरिओ, इकडून माइक असं ठरवायला तिला कोणाला विचारावं लागत नाही. ब्लूटूथ हेडफोनला कुठल्याही कंपनीच्या लॅपटॉपशी पहिल्याच दिवशी बोलता आलं पाहिजे, म्हणून जे सगळ्यांनी मान्य केलंय तेवढंच त्याला वापरता येतं. कंपन्यांना एक बोल मात्र मीही लावीन. फास्टस्ट्रीमसारखे काही खासगी कोडेक ए२डीपीवरूनच माइकचा आवाज परत आणतात. म्हणजे हे अशक्य कधीच नव्हतं. पण ते दोन्ही टोकांना असावे लागतात आणि फार थोड्या यंत्रांत आले.

आता म्यूटचं. अ‍ॅपमध्ये म्यूट केल्यावर तुमचा आवाज समोरच्यांना जात नाही, एवढंच सहसा घडतं. माइक अ‍ॅपने उघडाच ठेवलेला असतो, त्यामुळे लॅपटॉप एचएफपी सोडत नाही. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये इनपुट म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा आणि आउटपुट हेडफोनवरच ठेवा. दोन-तीन सेकंदांत आवाज मोकळा झालेला ऐकू येईल. विंडोज १० वर एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात, एकात `Stereo` आणि दुसऱ्यात `Hands-Free AG Audio`. आउटपुटला पहिलंच निवडलंय ना, हे बघा, कारण बोलण्याची अ‍ॅप्स बऱ्याचदा परस्पर दुसरं उचलतात. तरीही ऐकत नसेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये हेडफोनच्या प्रॉपर्टीजमधल्या `Services` टॅबवर `Handsfree Telephony` ची खूण काढा. मग त्या लॅपटॉपवर हेडफोनचा माइक दिसणारच नाही, हे लक्षात घेऊन काढा.

माल हलका की प्रोफाइल, याचा निकाल लिनक्सवर तर एका ओळीत लागतो:

```
pactl list cards | grep -i "active profile"
```

गाणं लावून हे चालवा. उत्तरात `a2dp-sink` किंवा तसंच काही दिसेल. मग एखादं रेकॉर्डिंगचं अ‍ॅप हेडफोनच्या माइकवर सुरू करून पुन्हा चालवा. आवाज पडला त्याच वेळी तिथे `headset-head-unit` आलं असेल तर हेडफोन तोच आहे, वाट बदलली. मॅकवर हेच `Audio MIDI Setup` मध्ये दिसतं: माइक उघडताच आउटपुटचे नमुने घसरतात. उलट माइक बंद असताना, प्रोफाइल ए२डीपी असतानाही आवाज डबड्यासारखाच येत असेल, तर तुमचा हेडफोनवरचा राग रास्त आहे.

नवा हेडफोन घेणार असाल तर ब्लूटूथचा ५.३ वगैरे आकडा बघून घेऊ नका, त्यावरून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. 'एलई ऑडिओ' लिहिलंय का ते बघा. त्यात एलसी३ कोडेक आहे आणि दोन्ही दिशांचे प्रवाह वेगवेगळ्या दर्जाने ठरवता येतात, त्यामुळे माइक उघडा असतानाही स्टिरिओ टिकू शकतो. पण लॅपटॉपची ब्लूटूथ चिप, तिचा ड्रायव्हर आणि ऑपरेटिंग सिस्टीम या तिघांनीही एलई ऑडिओ धरायला हवा. त्यातलं एक जरी चुकलं तरी तोच नवा हेडफोन मुकाट एचएफपीवर येतो, आणि खोक्यावर कुठेही तसं लिहिलेलं नसतं. म्हणून आधी लॅपटॉपची बाजू तपासा.