देठासकट मोजलेलं वांगं

"त्यामा काय शे भाऊ, चोवीस पानं तर आहेत. निम्मी चित्रंच. तीन हजार शब्द धरा आणि परवा द्या."

जळगावातल्या नव्या गिऱ्हाइकाचा फोन. काम होतं ठिबक संचाच्या माहितीपुस्तिकेच्या भाषांतराचं, इंग्रजीतून मराठी, पैसे शब्दांवर. पूर्वी असल्या 'त्यामा काय शे'ला भुलून मी दोनदा फसलो आहे, त्यामुळे आधी फाइल मागवली. फाइल म्हणजे कागदाचे फोटो. संगणक त्यातला एक शब्दही मोजायला तयार होईना.

मग पानांचे तीन ढीग केले आणि प्रत्येकातलं एक पान बोट ठेवून मोजलं. चित्रांची अकरा पानं, प्रत्येकी शंभर शब्द. साध्या मजकुराची नऊ, प्रत्येकी तीनशे. उरलेल्या चार पानांवर हमीच्या अटी, मुंगीएवढ्या अक्षरात, पानाला सातशे! बेरीज सहा हजार सहाशे.

"पण मराठीत कमी होतात ना शब्द? मग मराठीचे मोजू," गिऱ्हाईक म्हणालं. मुद्दा बिनतोड होता. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, इंग्रजीतले 'द'-'अ' आपल्याकडे नाहीतच, म्हणून मराठी मजकूर शब्दांत आटतो. मी म्हटलं, "शेठ, भरताचं वांगं बाजारात कच्चंच तोलतात. भाजून, सोलून कोणी तोलतं का?"

खानदेशी माणसाला हे लगेच पटलं. पण तोही खानदेशीच. "मग देठ काढून तोला. तक्त्यातले मॉडेल क्रमांक कशाला मोजता?" क्रमांक सहाशे भरले. सोडले. राहिले सहा हजार.

वेळेसाठी हमीचा तीनशे शब्दांचा तुकडा घड्याळ लावून केला. तासभर लागला, त्यातली वीस मिनिटं ठिबकच्या नळीला म्हणतात त्या एकट्या 'लॅटरल' शब्दाने खाल्ली. म्हणजे वीस तास. दिवसाला पाच तासांवर माझं डोकं चालत नाही, म्हणून चार दिवस. एक दिवस शिळं करून वाचायला, एक वीज जाण्यासाठी. सहा दिवस सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "बरं."

खरी मेख दुरुस्त्यांची. तपासणारे तिघे निघाले : शेठ, शुद्ध मराठीवाले मेव्हणे ('पार्श्वनलिका' लिहा) आणि धुळ्याचे विक्रेते ('लॅटरल'च लिहा, शेतकरी हसेल). म्हणून लेखी ठरवलं, फेऱ्या दोनच. तिघांनी आधी आपसात भांडायचं आणि एकाच फाइलमध्ये एकमत पाठवायचं. मूळ इंग्रजीच बदललं तर ते नवं काम, त्याचे शब्द वेगळे मोजायचे.

सहाव्या दिवशी काम दिलं. 'लॅटरल' जिंकलं, मेव्हणे दोन दिवस रुसले म्हणे. पहिल्या फेरीची फाइल आली. मजकुराला कोणाचा हातही लागला नव्हता.

फक्त कंपनीने सगळे मॉडेल क्रमांक बदलले होते.

"नवं काम आहे, शेठ," मी म्हटलं.

"आहे ना. मोजा की," शेठ म्हणाले. "पण देठ आपण मोजत नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय."