‘उजवीकडे’ म्हणजे कुणाच्या उजवीकडे? एका प्रतिक्रियेला उत्तर

*“तुमची कोळी स्टेपची स्क्रिप्ट घेऊन आमच्या चाळीतल्या बारा जणींचा डान्स बसवायला घेतला. दर वेळी पाचव्या काउंटला निम्म्या जणी उलट्या पायावर. तुम्ही तोंडाने उजवीकडे म्हणता आणि तुमचा पाय जातो डावा, मग बायकांनी काय करायचं? आणि तो शेवटचा स्लो रिपीट कशाला? स्पीड 0.5 केला की तेच दिसतं. स्पष्ट लिहिलं, राग नसावा.” (लालबागहून एक वाचक)*

ताई, राग कसला, एक चूक तुमच्यामुळेच सापडली. आधी तीच सांगते. गडबड दिसते पाचला, पण होते चारला.

स्टेप पुन्हा डोळ्यासमोर आणा. एकला उजवा पाय उजवीकडे, खांद्याएवढ्या अंतरावर. दोनला डावा त्याच्या शेजारी. तीनला पुन्हा उजवा उजवीकडे. चारला डावा शेजारी आणायचा, पण नुसता चवडा टेकवायचा. अंगाचं वजन उजव्या पायावरच. पाचला तोच डावा पाय डावीकडे निघतो आणि आठपर्यंत सगळं उलट बाजूने होतं. दोन आणि चार दिसायला जुळे आहेत. फरक फक्त वजनाचा: दोनला वजन डाव्यावर येतं, चारला येत नाही. चारला टाच खाली गेली की डावा पाय अडकला, मग पाचला मोकळा असतो तो उजवाच, आणि तोच उचलला जातो.

माझ्या स्क्रिप्टमध्ये दोन्ही काउंटना “जोडा” असा एकच शब्द होता. ती माझी चूक. आता दोनला “जोडा” आणि चारला “टेकवा” असं केलं आहे. कोण चुकतंय हे ओळखायला काउंट चारवर थांबवा आणि म्हणा, “डावा पाय उचला.” जिला आधी कंबर उजवीकडे सरकवावी लागते तिने वजन टाकलेलं आहे. जिचा पाय जागच्या जागी उचलला जातो तिची पाचवी स्टेप चुकणार नाही.

आता शब्द कधी म्हणायचा ते. “डावीकडे” हा शब्द पाचवर म्हटला तर ऐकून कळेपर्यंत पाचचा ठोका निघून जातो. गाणं मिनिटाला 100 ठोक्यांचं धरलं तर एका काउंटला 0.6 सेकंद मिळतात, आणि शब्द बोलायलाच त्यातला बराचसा वेळ जातो. म्हणून दिशा एक काउंट आधी, आकड्याच्या जागी सांगायची. सुरुवातीला नेहमीसारखं फाइव्ह, सिक्स, सेव्हन म्हणायचं, पण एटच्या जागी “उजवीकडे”. मग असं ऐकू येतं:

पाच, सहा, सात, उजवीकडे
एक, जोडा, तीन, डावीकडे
पाच, जोडा, सात, उजवीकडे

“टेकवा” इथे दिसत नाही, कारण त्याची जागा दिशेने घेतली. म्हणूनच “टेकवा” स्लोमध्ये पक्कं व्हायला हवं. वेगात ते सांगायला जागाच उरत नाही. आणखी एक पथ्य: वेगात फक्त दिशा बोला, पायाचं नाव घेऊ नका. दोनला डावा पाय उजवीकडे येतो. तिथे “डावा” म्हटलं की निम्म्या जणी डावीकडे निघतात.

डाव्या-उजव्याबद्दल मात्र मी माझ्या पद्धतीवर ठाम आहे. शिकवणारी समोर तोंड करून उभी असेल तर बोललेला “उजवीकडे” बघणारीचा असतो आणि शिकवणारी स्वतःच्या डावीकडे जाते. दोघी पडद्याच्या एकाच कडेला सरकतात, आरशात सरकावं तसं. नवख्या बाईचं शरीर शब्दाआधी डोळ्याचं ऐकतं, म्हणून डोळ्याला दिसणारी बाजू आणि कानावर येणारा शब्द जुळायला हवेत. शिकवणारीच्या पायाला डावा म्हणायचं की उजवा, हा हिशोब शिकणारीने करायचाच नाही.

पण या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि ती तुमच्या डान्समध्ये येईलच: पदर. पदर डाव्या खांद्यावर असतो. पदर धरून करायच्या हालचाली शिकवणारी उलट्या हाताने करायला गेली तर हात रिकाम्या खांद्याकडे जातो. तिथे दोन उपाय आहेत. एक म्हणजे कॅमेऱ्याकडे पाठ करून शिकवायचं. पण मग छातीसमोरचे हात दिसत नाहीत. दुसरा मला जास्त पटतो: शिकवणारीने सरळ स्वतःच्या उजव्या-डाव्याने नाचायचं आणि एडिट करताना व्हिडिओ आडवा फ्लिप करायचा. मग पदर पडद्यावर उलट्या खांद्यावर दिसतो, पण बघणारीला अगदी आपल्यासमोर आरसा असल्यासारखं होतं. लिखाण फ्लिप केल्यानंतरच टाकायचं.

इथे एक फसगत होते. काही फोन सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओ स्वतःच आरशासारखा साठवतात, काही सरळ साठवतात, काहींत त्यासाठी सेटिंग असतं. आधीच उलटा असलेला व्हिडिओ पुन्हा फ्लिप झाला तर तो सरळ होतो आणि शब्द विरुद्ध बाजूचे वाटू लागतात. शूटिंगच्या वेळी मागच्या भिंतीवर एखादं कॅलेंडर राहू द्या. शेवटच्या व्हिडिओत त्यावरची अक्षरं उलटी दिसली तर फ्लिप एकदाच झाला आहे.

आता स्लो रिपीट. 0.5 वर लावलेला व्हिडिओ बघायला चांगला, त्याच्याबरोबर नाचायला नाही. या स्टेपमध्ये पुढे चारला उजव्या पायावर छोटी उडी येते. पाच सेंटीमीटरच्या उडीत पाय जेमतेम 0.2 सेकंद हवेत असतो, गाणं कितीही हळू असो. अर्ध्या वेगाच्या व्हिडिओत तीच उडी 0.4 सेकंद टिकलेली दिसते. तेवढा वेळ हवेत राहायला वीस सेंटीमीटर उडावं लागेल. बायका एवढं उडत नाहीत, लवकर खाली येतात आणि पाचसाठी घाई करतात. म्हणजे नेमकं चार-पाचचं सांधणंच बिघडतं.

म्हणून स्लो रिपीट वेगळा, खरोखर हळू नाचून घेतलेला हवा. ठोका मिनिटाला 60, म्हणजे सेकंदाला एक काउंट. उडीच्या जागी फक्त उजवी टाच उचलायची. इथे दिशा सांगायची घाई नाही, म्हणून पाय आणि वजन दोन्ही बोलायचं:

एक, उजवा बाजूला.
दोन, डावा जोडा, वजन डाव्यावर.
तीन, उजवा बाजूला.
चार, डावा टेकवा, वजन उजव्यावरच.
पाच, डावा बाजूला.

सहा ते आठ याच शब्दांत, पाय उलटे. काउंटच्या मध्ये “आणि” म्हणू नका. कोळीगीतांचा ठेका बहुधा झुलता, एका काउंटच्या पोटात तीन मात्रांचा असतो. “एक आणि दोन आणि” म्हटलं की त्याचे दोन भाग पडतात आणि झोका जातो. “एक ता ता, दोन ता ता” म्हणा.

दर वेळी एकपासून सुरू करायचीही गरज नाही. आठही काउंट दोनदा झाले की नुसते तीन-चार-पाच घ्या आणि थांबा, मग सात-आठ-एक घ्या आणि थांबा. चुका या दोन सांध्यांवरच होतात. दोन्ही सांधे जमले की 80, मग 100. उडी अगदी शेवटी, आणि चारवर थांबवल्यावर बाराही जणींचा डावा पाय सहज उचलला जात असेल तरच.